"बिडी कमी केलीय, डॉक्टर" हे उत्तर मला मान्य नाही

पडेगावच्या माझ्या दवाखान्यात एक चौतीस वर्षांचा माणूस आला. लोडिंग रिक्षा चालवायचा. सतराव्या वर्षापासून बिडी, रोज दोन बंडल. वर्षभर चालताना उजव्या तळपायाच्या कमानीत गोळा यायचा, थांबलं की जायचा. आधी कुणी सपाट तळवा सांगून बूट बदलायला लावले, कुणी नसेच्या गोळ्या दिल्या. मग अंगठा गार पडू लागला. रात्री दुखणं इतकं वाढे की तो पाय खाटेखाली लोंबता सोडून बसायचा. शेवटी नख काढताना झालेली जखम दोन महिने भरली नाही आणि टोक काळं पडलं. हातात रिपोर्टांची थप्पी होती. साखर, कोलेस्ट्रॉल, हृदयाची पट्टी, सगळं नॉर्मल. "मग मला झालंय तरी काय?" असं त्याने विचारलं.

वाचकहो, रिपोर्ट नॉर्मल असणं हाच इथे धागा होता. वयस्कर किंवा मधुमेही माणसाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर साचतो. या तरुणाचं दुखणं वेगळं. याला बर्जरचा आजार म्हणतात. लिओ बर्जर या डॉक्टरने न्यूयॉर्कमध्ये १९०८ साली कापलेले पाय तपासून त्याचं सविस्तर वर्णन केलं. यात हातापायांच्या लहान आणि मध्यम रक्तवाहिन्यांना सूज येते आणि आत रक्ताची गुठळी बसते. पुरवठा तुटायला सुरुवात टोकाकडून होते, म्हणून बोटं आधी गार पडतात.

मी त्याच्या गुडघ्यामागची नाडी तपासली, ती छान लागली. घोट्यामागची आणि पायाच्या पाठीवरची मात्र लागलीच नाही. झोपवून पाय वर धरला तर तळवा पांढराफटक पडला. खाली सोडल्यावर काही वेळाने लालजांभळा झाला. मनगटाची एक नाडीही मंद होती. कलर डॉपलरने गुडघ्याखालचा अडथळा दाखवला. मोठी वाहिनी मोकळी आणि पुढचीच बंद, असं असलं की बायपास बहुधा करता येत नाही, कारण नवी नळी जोडायला पुढे धड वाहिनीच उरलेली नसते.

आता माझा खरा राग सांगतो. अशा माणसाला रक्त पातळ करणाऱ्या आणि वाहिन्या रुंदावणाऱ्या गोळ्या लिहून देतात, आणि बिडीचा उल्लेख चिठ्ठीच्या तळाशी, "कमी करा" एवढाच. गोळ्यांनी, इंजेक्शनांनी, कमरेतली नस कापण्याच्या शस्त्रक्रियेने दुखणं कमी होऊ शकतं, जखम भरायला मदत होऊ शकते. पण आजार थांबत नाही. तो थांबवते ती एकच गोष्ट: तंबाखू शून्यावर आणणं. दिवसाला एक-दोन बिड्याही तो जिवंत ठेवायला पुरतात. तंबाखू चघळणं, मिश्री, शेजाऱ्याचा धूर, हेही त्यात आलं. एवढंच कशाला, निकोटिनच्या च्युइंगमनेही तो पेटता राहू शकतो, म्हणून इथे मी निकोटिन नसलेल्या औषधांचा विचार करतो. तंबाखूच का, हे पूर्ण उलगडलेलं नाही, पण ज्यांनी सोडली त्यांचे पाय वाचले आणि ज्यांनी ओढत ठेवली त्यांचे जात राहिले, हे पुन:पुन्हा दिसलं आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या रुग्णांमध्ये, सोडणाऱ्यांपैकी ९४ टक्के जण अंगच्छेदनापासून वाचले. न सोडणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांचा काही ना काही भाग कापावा लागला.

"आता दोनच ओढतो, डॉक्टर," तो म्हणाला. मी म्हटलं, "दोन म्हणजे ओढतोसच." त्याने सोडली. सुरुवातीचे दहा दिवस चिडचिड, झोप नाही, बायकोशी भांडणं. मग रात्रीचं दुखणं उतरलं. अंगठ्याचं काळं टोक वाळून गळालं आणि तीन महिन्यांत जखम मिटली. तळव्यातला गोळा पूर्ण गेला नाही, कारण बंद झालेली वाहिनी उघडत नाही. शरीर फक्त आडवाटा रुंद करतं. हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. पुढच्या लग्नसराईत मित्रांत बसून चार दिवस ओढली, आणि शेजारचं बोट गार पडलं. तेव्हा तो स्वतःच आला, बंडल माझ्या टेबलावर ठेवून.

तुमच्या घरात पन्नाशीच्या आतला, बिडी-सिगारेट ओढणारा कुणी गार बोटांची तक्रार करत असेल तर पायाची नाडी तपासून घ्या. गार बोटं शेकोटीवर किंवा गरम पिशवीने शेकू नका. रक्तच कमी असलेली कातडी पटकन भाजते आणि तिथूनच जखम सुरू होते. नखं खोल कापू नका, अनवाणी फिरू नका. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. आणि बोट काळं पडायला लागलं किंवा रात्रीची झोप मोडायला लागली तर आठवडाभर वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.