सात की आठ?

घरातल्या भांडणाचे मूळ एखाद्या व्यंजनात असू शकते, हे मराठीचा प्राध्यापक असूनही मला या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. जून महिन्यात वाशीच्या भावे नाट्यगृहात नाटकाला जायचे होते. सौभाग्यवतींनी आईला सकाळीच सांगितले, "आई, सातला निघायचं हं." आम्ही सातला दाराशी उभे, आणि आई खुशाल देवापाशी वाती वळत बसलेली! "आठला म्हणाली होतीस ना तू?" झाले. पहिला अंक बुडाला आणि परतीच्या वाटेवर बोनकोडे येईपर्यंत रिक्षात कोणी कोणाशी बोलले नाही.

अशा गोष्टी वाढत गेल्या. मोठ्याने बोलावे तर आई म्हणे, "ओरडतोस कशाला? ऐकू येतं मला." आणि ते खोटेही नव्हते. ऐकू येत होते, कळत नव्हते. हळूहळू ती चारचौघांत बसेनाशी झाली. जुलैत तिला सर्दी झाली आणि डावा कान तर अगदीच बसला. तेव्हा मी तिला एका दुकानात घेऊन गेलो. तिथल्या गृहस्थांनी मागच्या खोलीत तिच्या कानांना हेडफोन लावले, बटणे दाबली आणि दहा मिनिटांत एक आलेख माझ्या हाती दिला. "उजव्या कानाची सरासरी तेहतीस, डाव्याची पंचावन्न. डाव्याला मशीन घ्या, उजवा चालेल," असा निकालही दिला. मशीनची किंमत माझ्या एका महिन्याच्या पगाराएवढी होती. मी 'उद्या येतो' म्हणून तो कागद खिशात घालून निघालो.

रात्री तो कागद घेऊन बसलो. हा आलेख वाचायला अवघड नाही, फक्त तो उलटा असतो. डावीकडून उजवीकडे आवाजाची पट्टी चढते: २५० हर्ट्झचा खर्ज डाव्या टोकाला, ८००० ची बारीक शीळ उजव्या टोकाला. वरून खाली आवाजाचा जोर वाढतो, डेसिबलमध्ये. वरची शून्याची रेघ म्हणजे शांतता नव्हे, निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज. म्हणून खूण जितकी खाली, तितका कान मंद. उजव्या कानाची खूण लाल वर्तुळ, डाव्याची निळी फुली. लाल खुणा आम्हा परीक्षकांच्या ओळखीच्याच!

आईची लाल रेघ ५०० वर पंचविसाला, १००० वर तिसाला, २००० वर पंचेचाळिसाला होती आणि ४००० वर एकदम पासष्टाला गेली होती. दुकानदाराची तेहतिसाची सरासरी पहिल्या तीन आकड्यांची. चौथा तिच्यात धरलेलाच नव्हता, आणि आमचे सारे भांडण त्या चौथ्यात होते. स्वरांचा जोर आलेखाच्या डाव्या अंगाला असतो. 'आ', 'ओ', 'ऊ' आईला नीट पोचत होते. पण 'स', 'थ', 'फ' ही मंडळी मुळात क्षीण आणि उजव्या अंगाला राहणारी. 'सात'मधला 'स' गळला की 'आत' उरते. तिथे त्याचा अर्थ लागत नाही, म्हणून बिचारे मन जवळचा शब्द शोधते आणि 'आठ' ऐकते. आई निष्काळजी नव्हती. ती दिवसभर गाळलेल्या जागा भरत होती.

निळी रेघ मात्र वेगळीच होती. ५०० वरच पंचावन्न, पुढे पन्नास, साठ, पंचाहत्तर. एकाच बाईचे दोन कान, दोघांचे वय सारखे, मग खर्जातच एवढे अंतर का? याचे उत्तर त्या कागदावर नव्हते, कारण अर्धी परीक्षा झालीच नव्हती.

हे मला वांद्रे रेक्लमेशनवर कळले. तिथे अली यावर जंग यांच्या नावाची, वाचा आणि श्रवणासाठी १९८३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी आधी आईच्या कानांत डोकावून पाहिले, मग तिला आवाजबंद खोलीत बसवले. हेडफोनची परीक्षा झाल्यावर त्यांनी कानामागच्या हाडावर एक लहानसा कंप देणारा तुकडा टेकवला. हेडफोनचा आवाज पडदा, मधला कान अशी वाट चालत आतल्या कानाकडे जातो. हाडावरचा थेट आत जातो. हाडातून गेलेला आवाज दोन्ही कानांना पोचतो, म्हणून डाव्याची परीक्षा चालू असता उजव्या कानात खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवतात. या परीक्षेच्या खुणा कंसासारख्या असतात.

डाव्या कानाचे कंस पंचवीस, तीस, पंचेचाळीस, पासष्टावर आले. थेट उजव्या कानासारखेच! फुली पंचावन्नावर आणि कंस पंचविसावर, म्हणजे ५०० वर तीस डेसिबलची फट. बाई म्हणाल्या, "काका, आतला कान दोन्हीकडे सारखाच आहे. डाव्याची वाट अडलीय. आधी डॉक्टर, मग मशीन."

वाशीच्या कानाच्या डॉक्टरांना पडद्यामागे पाणी साचलेले दिसले. सर्दीचा प्रसाद. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी असले तर नाकाचा मागचा भाग पाहावाच लागतो, म्हणून त्यांनी नाकातून दुर्बीण घालून तपासले. तिथे काही नव्हते. सप्टेंबरात पुन्हा आलेख काढला तेव्हा फट मिटली होती. डावा कान तीस, तीस, पन्नास, सत्तर. जुलैत पंचावन्नाच्या हिशेबाने लावलेले मशीन सप्टेंबरात आईच्या कानात नुसते ओरडत राहिले असते आणि चार दिवसांत कपाटात गेले असते. उजव्या कानाचा 'स' तर गळलेलाच राहिला असता.

आता निवड सोपी झाली. खर्ज बराच शाबूत, वरची पट्टी गेलेली, दोन्ही कान जवळजवळ सारखे. म्हणून दोन्ही कानांना, कानामागे बसणारे, बारीक तार आणि सैल टोपी असलेले मशीन. कानाचे भोक मोकळे राहिले की खर्ज आपोआप आत येतो, आणि स्वतःचा आवाज हंड्यात बोलल्यासारखा घुमत नाही. कानात गच्च बसणारे, दिसत नाही ते मशीन मला आवडले होते. पण या आलेखाला ते चालणारे नव्हते. जोरही पासष्टाला पासष्ट द्यायचा नसतो, साधारण निम्माच. कारण मंद कानालाही मोठा आवाज मोठाच लागतो.

एक गोष्ट आलेख सांगत नाही: ऐकलेले कळते का. त्यासाठी आईला मराठी शब्द ऐकवून उच्चारायला लावले. पंचविसांपैकी उजव्या कानाने एकवीस आणि डाव्याने वीस बरोबर सांगितले. हा आकडा फार कमी असता तर सर्वांत महागडे मशीनही थोडेच कामी आले असते.

मशीन येऊन तीन आठवडे झाले. पहिले दोन दिवस आईची तक्रार होती की वर्तमानपत्र फार कडकडते आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या भांडतात. हे आवाज तिला कित्येक वर्षांत भेटले नव्हते. बाईंनी वरची पट्टी जरा उतरवून दिली. ती पुन्हा हळूहळू चढवायची आहे.

परवा सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आई, सातला जेवू या." आई बाहेरून म्हणाली, "सातला? इतक्या लवकर? आठला जेवू."

भांडण झालेच. पण या वेळी ते वेळेवरून झाले.