मुलीचा हिस्सा : चोविसावा की सहावा?

वाटणीचा प्रश्न सोडवताना आपण थेट अपूर्णांकांकडे वळतो. माझ्या मते आधी तारीख पाहावी आणि मग कागद. अपूर्णांक त्यांच्यामागून येतात.

'गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम' हा खटला सांगलीच्या दिवाणी न्यायालयात सुरू झाला आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला. पिता 1960 मध्ये वारले होते. मागे पत्नी, दोन मुलगे व तीन मुली होत्या. न्यायालयाने मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे कल्पिले. त्या काल्पनिक वाटणीत पिता, पत्नी व दोन मुलगे यांना प्रत्येकी एक चतुर्थांश मिळाला. मुली जन्मतः हक्क असलेल्या सहदायाद नव्हत्या, म्हणून त्यांना तेथे काहीच मिळाले नाही. पित्याचा चतुर्थांश मात्र सहाही वारसांत विभागला गेला. पत्नी व प्रत्येक मुलगा यांच्या वाट्याला 7/24 आले, प्रत्येक मुलीच्या वाट्याला 1/24.

आता असेच कुटुंब साताऱ्यात आहे आणि पिता मृत्युपत्र न करता 2010 मध्ये वारले, असे समजा. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगीही जन्मतः सहदायाद आहे. काल्पनिक वाटणीत आता सात हिस्सेदार होतात. पित्याचा सातवा हिस्सा सहा वारसांत वाटला की प्रत्येकाला 1/7 अधिक 1/42, म्हणजे 1/6 मिळतो. मुलीचा हिस्सा चौपट झाला. आईचा व मुलग्यांचा मात्र 7/24 वरून 4/24 वर आला. आईचे हे नुकसान उत्तरपत्रिकेत सहसा कोणी नोंदवत नाही.

येथे भाऊ म्हणतात, "वाटणी 2001 मध्येच तोंडी झाली आहे." कायदा 20 डिसेंबर 2004 पूर्वीची वाटणी अबाधित ठेवतो, परंतु ती नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयीन हुकूमनाम्याने झालेली असावी. 2020 च्या विनीता शर्मा निकालाने तोंडी वाटणीस केवळ अपवादात्मक प्रसंगी, सार्वजनिक कागदपत्रांच्या भक्कम आधारावर वाव ठेवला. तेव्हा सातबारा अजून सामाईक असेल तर भावांचे म्हणणे लंगडे पडते. वेगळे सातबारे 2001 पासूनचे असतील तर त्यांची बाजू काहीशी बळकट होते, पण तेवढ्यानेही वाटणी सिद्ध होत नाही, कारण फेरफार नोंद महसुलासाठी असते, ती मालकी देत नाही.

ही कठोरता काहींना जाचक वाटते. मला ती योग्य वाटते. तोंडी वाटणीच्या बैठकीत मुलींना बोलावण्याची रीतच नव्हती; ज्या बैठकीत त्या नव्हत्या तिची साक्ष त्यांच्याविरुद्ध कशी चालावी? मात्र बहिणीने स्वतः नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर सही केली असेल, तर गोष्ट वेगळी. माहेर तुटू नये म्हणून केलेली ती सही फसवणूक वा दडपण सिद्ध झाल्याखेरीज सहसा मागे घेता येत नाही, आणि मग तिच्या सहाव्या हिश्श्याचे गणित मांडण्याचे कारणच उरत नाही.