पोरगं चांगलं आहे हो, पण फाईल कुठाय?

गेल्या वर्षीची गोष्ट. सप्टेंबरातल्या एका वीकांताला साताऱ्याहून सांगलीला काकांकडे गेलो होतो. काकांचा हळदीचा व्यापार. जेवणं झाल्यावर चुलतभावाने दोन पानी पत्र पुढे केलं. "दादा, तू हापिसात इंग्रजीत भांडतोस ना, हे जरा मराठीत बघ." बँकेने काकांच्या खात्यासाठी नेमलेला अधिकारी बदलून मागणारं पत्र होतं. बेजबाबदार, उद्धट, रिझर्व्ह बँकेत खेचू, सगळं होतं त्यात. नव्हती ती फक्त एक गोष्ट: नेमकं काय चुकलं.

तेवढ्यात काकांनी दुसरं टोक गाठलं. "जाऊ दे रं. पोरगं चांगलं हाय. साताऱ्याहून तुझ्या ताईच्या लग्नाला आलं होतं."

मंडळी, माझं भांडण या दोन्ही टोकांशी आहे. आपण एक तर वर्षभर सोसतो, नाहीतर एके दिवशी फोनवर आईबहीण काढतो. मधली वाट, म्हणजे सभ्य भाषेत लेखी सांगणं की हा माणूस आमच्या खात्याला नको, ही आपल्याला उद्धटपणा वाटते. मला ती एकमेव सभ्य वाट वाटते.

आधी काय झालं ते सांगतो. काकांची 40 लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा आहे. पण 40 मंजूर म्हणजे 40 वापरता येतात असं नाही. दर महिन्याला गोदामात किती माल आहे याचं स्टॉक स्टेटमेंट द्यायचं. त्यातून उधारीचा माल वजा करायचा आणि उरलेल्याच्या 75 टक्के रक्कम उचलता येते. याला ड्रॉइंग पॉवर म्हणतात. हा आकडा बँकेत कुणीतरी माणसाने सिस्टिममध्ये भरावा लागतो.

मार्चअखेर हळदीचा हंगाम भरात. माल 52 लाखांचा, उधारी 4 लाखांची. म्हणजे 48 चे 75 टक्के, 36 लाख. स्टेटमेंट 7 एप्रिलला दिलं. अधिकाऱ्याने पुढे पाठवलंच नाही. सिस्टिमला दिसत होता फेब्रुवारीचा माल, 32 लाख, म्हणून मर्यादा 21 लाख. खात्यातून 19 उचललेले होते. 21 एप्रिलला अडत्याचा साडेतीन लाखांचा चेक आला आणि परत गेला. शेरा: 'एक्सीड्स अरेंजमेंट'. पंचवीस वर्षं मार्केट यार्डात ज्याचा चेक परत गेला नाही त्याचा गेला, तोही गोदाम भरलेलं असताना.

दुसरी चूक याहून वाईट, कारण ती दिसली नाही. 2019 च्या पुरानंतर काकांनी नदीपासून लांब जायचं ठरवलं होतं, ते मे महिन्यात जमलं. माल कुपवाडच्या गोदामात हलवला. मालाचा विमा बँकेमार्फत. पत्ता बदलायचं पत्र 6 मे रोजी दिलं. जुलैत कृष्णेचं पाणी वाढायला लागलं, तेव्हा आयर्विन पुलाची पातळी ऐकत बसलेल्या काकांनी सहज पॉलिसी काढून बघितली. पत्ता जुनाच! विमा असतो पॉलिसीत लिहिलेल्या जागेतल्या मालाचा. कुपवाडला आग लागली असती तर कंपनीने हात वर केले असते.

तिसरी चूक नूतनीकरणाची. मर्यादेची मुदत 30 जूनला संपली. कागदपत्रं 9 जूनलाच दिलेली. सप्टेंबरात तोच अधिकारी तीच कागदपत्रं पुन्हा मागत होता. यात गंमत नाही. मुदतीपासून 180 दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने खातं थकीत धरलं जातं, मग हप्ता वेळेवर असो वा नसो. म्हणजे 27 डिसेंबर. आम्ही पत्र दिलं त्या दिवशी हातात 102 दिवस होते.

आता सांगा, 'पोरगं चांगलं हाय' हे यातल्या कशाचं उत्तर आहे?

भावाचं पत्र आम्ही कापत कापत एका पानावर आणलं. विशेषणं सगळी गेली. अधिकारी उद्धट आहे की नाही हे सिद्ध करता येत नाही. स्टेटमेंट 7 तारखेला दिलं हे येतं. रिझर्व्ह बँकेची धमकी काढली. लोकपालाकडे जायचं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार लागते आणि उत्तरासाठी 30 दिवस द्यावे लागतात. म्हणजे हे पत्र हीच ती पहिली पायरी. पायरीवर उभं राहून गच्चीची धमकी कशाला?

आणि एक वाक्य काकांच्या नाकावर टिच्चून घातलं: "फेब्रुवारीचे स्टेटमेंट आमच्याकडून 6 दिवस उशिरा आले, ही आमची चूक." काका चिडले. पण आपली चूक आपण आधी लिहिली की समोरच्याला तिच्यामागे लपता येत नाही.

मुख्य भाग असा झाला:

"वरील तिन्ही बाबींची आम्ही संबंधित अधिकाऱ्यांना दोनदा आठवण दिली. त्यांच्याशी आमचा वैयक्तिक वाद नाही. मात्र या पद्धतीने खाते चालवणे आम्हाला शक्य नाही. कृपया आमच्या खात्यासाठी दुसरे अधिकारी नेमावेत, त्यांचे नाव 7 दिवसांत कळवावे, विम्यावरील पत्ता तातडीने बदलावा आणि नूतनीकरणासाठी काही कागद बाकी असल्यास त्याची एकच यादी द्यावी."

पत्र शाखाधिकाऱ्यांच्या नावे, प्रत त्या अधिकाऱ्याला. पाठीमागून काही नाही. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतली. शिक्क्याशिवाय दिलेलं पत्र म्हणजे चहाच्या टपरीवरची चर्चा.

"त्याच्या पोटावर पाय येईल" हा काकांचा शेवटचा मुद्दा. तो मला पटत नाही, पण हलकाही वाटत नाही. म्हणूनच आम्ही कारवाई मागितली नाही, बदल मागितला. कदाचित त्या पोराकडे झेपणार नाहीत इतकी खाती असतील, वर विमा विकायचं टार्गेट. ते बँकेने बघावं. पण गप्प राहून आपण त्याच्यावर उपकार करत नाही. त्याच्या साहेबाला कळतच नाही की काम तुंबलंय, आणि पुढचा चेक दुसऱ्या कुणाचा तरी परत जातो.

नऊ दिवसांनी नवीन बाई आल्या. पत्ता त्याच आठवड्यात बदलला, नूतनीकरण नोव्हेंबरात झालं. सगळं गोड झालं असं नाही. परत गेलेला चेक परतच गेला. तो अडत्या अजून काकांकडून आधी पैसे मागतो. माणूस बदलून गेलेली पत परत येत नाही. म्हणून पत्र तिसऱ्या चुकीनंतर नाही, पहिलीनंतर लिहायचं असतं.

आपण पुण्यात दिवसभर क्लायंटच्या एस्कलेशन मेल वाचतो. तारखा, परिणाम, मागणी, सगळं जागच्या जागी. तो क्लायंट आपल्याला उद्धट वाटत नाही, 'प्रोफेशनल' वाटतो. मग आपल्याच काकांनी तेच केलं की 'संबंध बिघडतील' कसं काय?

असो. काकांनी दिवाळीचा फराळ त्या जुन्या अधिकाऱ्यालाही पाठवला. त्याने तो घेतला.