वधूवर सूचक मंडळांच्या संचालकांना खुले पत्र

सन्माननीय संचालक मंडळी,



तुमच्याकडून येणाऱ्या बायोडाटांचा गठ्ठा आमच्या घरी मी वाचते. भाचीसाठी स्थळे पाहायचे काम बहिणीने माझ्याकडे सोपवले आहे आणि मी ते मनापासून करते. कारण यातल्या एका कागदावर विश्वास ठेवून आमची मुलगी एका अनोळखी घरात राहायला जाणार आहे. म्हणून तुमच्या अर्जात काही बदल व्हावेत, अशी माझी मागणी आहे.

अर्जातल्या 'स्वतःविषयी' या रकान्यापासून सुरुवात करते. 'सुसंस्कृत, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल. आधुनिक विचारांचा, पण परंपरा जपणारा. प्रवास, वाचन आणि संगीताची आवड. आयुष्यातल्या छोट्या आनंदांना महत्त्व देणारी, समजूतदार सहचारिणी हवी.' नगरचा शिक्षक असो, पुण्याचा अभियंता असो की दुबईत नोकरी करणारा मुलगा असो, मजकूर हाच. मुलींच्या बायोडाटात 'सहचारिणी'चा 'सहचर' होतो, बाकी तेच. पूर्वी झेरॉक्सच्या दुकानातला टायपिस्ट हा मसुदा तयारच ठेवायचा. आता मोबाइलवर एआयला चार शब्द दिले की तोच मजकूर अधिक सफाईदार होऊन मिळतो. डेटिंग ॲपवरचे परिचय त्याहून गुळगुळीत असतात, असे भाची सांगते.

एवढ्यावरून माणूस खोटा ठरत नाही. स्वतःबद्दल लिहायला बहुतेकांना संकोच वाटतो आणि तो परिच्छेद मामाने किंवा वहिनीने लिहिलेला असतो. दहा ओळींवरून त्या माणसाने लिहिल्या की यंत्राने, हे खात्रीने सांगता येत नाही. तो शोध घेण्यात अर्थही नाही. मी वेगळेच पाहते. एखाद्या वाक्याचे उलट वाक्य कुणी लिहिले असते का? 'मी असंस्कृत आहे, कुटुंबाची मला पर्वा नाही', असे कुणीच लिहिणार नाही. म्हणजे 'सुसंस्कृत, कुटुंबवत्सल' या शब्दांनी आपल्याला काहीच सांगितलेले नाही. याउलट परवा एका बायोडाटात दोन ओळी होत्या: 'कारखान्यात तीन पाळ्यांची नोकरी, दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी. आईला अर्धांगवायू झाला असून ती लग्नानंतरही आमच्याजवळच राहील.' या दोन ओळींमुळे त्या मुलाची काही स्थळे नक्की हुकणार. ते माहीत असूनही त्याने त्या लिहिल्या, म्हणून मी त्याचा बाकीचा कागदही विश्वासाने वाचला.

तेव्हा माझी पहिली मागणी अशी की 'स्वतःविषयी' हा मोकळा रकाना काढून टाका आणि त्याजागी प्रश्न छापा. कामाचा एक साधा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जातो? लग्नानंतर घरात कोण कोण राहणार? समोरच्यांना आधीच कळायला हवी अशी कोणती गोष्ट आहे? आणि खाली एक ओळ ठेवा, अर्ज कुणी भरला: स्वतः, पालक की अन्य कुणी. या प्रश्नांची उत्तरेसुद्धा कुणी यंत्राकडून लिहून घेईल, हे मला कळते. पण त्यात गाव, वेळ, माणसे यावी लागतात आणि पहिल्या भेटीत गप्पांच्या ओघात तेच विचारले की लेखी उत्तर आणि तोंडी उत्तर ताडून पाहता येते.

आता तपासता येण्यासारख्या गोष्टींकडे येते. पत्रिकेवर विश्वास असो वा नसो, बायोडाटात जन्मतारीख, जन्मवेळ, रास, नक्षत्र, गण, नाडी हे सगळे असतेच. या सगळ्या नोंदी एकमेकींत अडकलेल्या असतात, हे लक्षात घेतले तर त्यांचा चांगला उपयोग होतो. चंद्र साधारण सत्तावीस दिवसांत सगळी नक्षत्रे फिरून येतो, म्हणजे नक्षत्र जवळजवळ रोज बदलते. वय कमी दाखवायला कुणी तारीख तीच ठेवून साल दोन वर्षांनी पुढे सरकवले, तर त्या दिवशीचे नक्षत्र वेगळेच निघते. आणि नक्षत्र ठरले की गण आणि नाडी आपोआप ठरतात. रोहिणी म्हटले की रास वृषभ, गण मनुष्य, नाडी अंत्य. यात दुसरा पर्यायच नाही. रोहिणीपुढे आद्य नाडी लिहिलेली दिसली, तर एक तर टायपिंगची चूक आहे किंवा एकनाडी दोष टाळायला कुणीतरी हात फिरवला आहे.

असा एक बायोडाटा माझ्यासमोर आला होता. जन्म ऑगस्ट १९९६, नक्षत्र रोहिणी, आणि शिक्षणाच्या रकान्यात दहावी मार्च २०१०. आपल्याकडे मूल पंधराव्या-सोळाव्या वर्षी दहावी होते. या हिशेबाने मुलगा साडेतेराव्या वर्षीच दहावी झाला होता. त्या तारखेचे पंचांग पाहिले तर नक्षत्र जुळेना. साल १९९४ धरून पाहिले, तेव्हा रोहिणीही जुळली आणि दहावीचे वयही. तारीख बदलणाऱ्याने घरातली जुनी पत्रिका तशीच उतरवून काढली होती. आम्ही फोन करून सरळ शाळा सोडल्याचा दाखला मागितला आणि पुढे त्यांचा फोन आला नाही. इथे एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. खेड्यापाड्यांत शाळेत नाव घालताना सरसकट १ जून ही तारीख लावली जायची. त्यामुळे दाखल्यावरची तारीख आणि पत्रिकेतली तारीख वेगळी असणे यात लबाडी असतेच असे नाही. तुमच्या अर्जात दोन्ही तारखांना जागा द्या आणि दहावी, बारावी, पदवी यांची सालेही मागा. नुसते 'बी.ई.' लिहिलेल्या कागदावर असा हिशेब मांडताच येत नाही.

दुसरी गोष्ट शेतीची. 'आठ एकर बागायत' हे शब्द मी इतक्यांदा वाचले आहेत की आता मी गाव आणि गट क्रमांक विचारते. bhulekh.mahabhumi.gov.in या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक टाकला की सातबारा कुणालाही पाहता येतो. हा बिनसहीचा उतारा फक्त माहितीपुरता असतो, पण आपल्याला माहितीच हवी असते. एका स्थळाचा उतारा असा होता: क्षेत्र ३ हेक्टर २० आर. चाळीस आर म्हणजे साधारण एक एकर, तेव्हा आठ एकर हा आकडा खरा. पण भोगवटादारांच्या जागी सहा नावे सामाईकात होती: आजी, मुलाचे वडील, दोन काका आणि दोन आत्या. समान वाटे धरले तर वडिलांच्या वाट्याला सव्वा एकराच्या आसपास जमीन येते, आणि मुलाला एक भाऊही आहे. खाली गाव नमुना बारामध्ये सोयाबीनची नोंद होती आणि जलसिंचित क्षेत्राचा रकाना कोरा. म्हणजे बागायत हा शब्दही तपासून घ्यायला हवा होता. नेमके वाटे सातबारावरून ठरत नाहीत, ते वारसाहक्क आणि वाटणीपत्रावर अवलंबून असतात, त्यामुळे या आकड्यावर कुणाला खोटे पाडू नये. इतर अधिकारांत सोसायटीच्या कर्जाचा बोजा दिसला म्हणूनही नाक मुरडू नये, पीककर्ज बहुतेक शेतकऱ्यांकडे असतेच. आम्ही त्या घरी एवढेच विचारले, 'जमीन सगळ्यांची मिळून किती आणि तुमच्या वाट्याची किती?' मुलाच्या वडिलांनी न अडखळता खरे ते सांगितले. आठ एकर हा आकडा तुमच्या अर्जातल्या 'शेती' या एकाच शब्दामुळे आला होता. त्या शब्दाखाली 'कुटुंबाची एकूण' आणि 'स्वतःच्या वाट्याची' असे दोन रकाने ठेवलेत, तर माणसे बहुधा खरे लिहितील.

नोकरीच्या रकान्याचेही तेच आहे. 'पॅकेज १८ लाख' यात कंपनी भरते तो भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि मिळेल न मिळेल असा बोनसही धरलेला असतो. दरमहा बँकेत किती जमा होतात, एवढेच विचारा.

पुनर्विवाहाच्या स्थळांबाबत मात्र मला तुमच्याकडून जास्त काळजीची अपेक्षा आहे. 'घटस्फोटित' या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या परिस्थिती येतात. कोर्टाचा हुकूमनामा मिळालेला असतो, खटला अजून चालू असतो, किंवा नुसत्या स्टँपपेपरवर दोघांच्या सह्या घेऊन सोडचिठ्ठी झालेली असते. समाजाची जुनी रूढी कोर्टात सिद्ध करता येते तो अपवाद सोडला, तर नोटरीकडच्या अशा कागदाने हिंदू विवाह कायद्याखालचे लग्न संपत नाही आणि त्यानंतर केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरते. शिवाय वादातून किंवा एकतर्फी मिळालेल्या हुकूमनाम्यावर अपील करायला ९० दिवसांची मुदत असते. ती संपेपर्यंत, आणि अपील झाले असेल तर ते फेटाळले जाईपर्यंत, लग्न करता येत नाही. नोंदणी करतानाच हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत पाहा आणि बायोडाटावर कोर्ट कुठले, निकालाची तारीख काय, एवढेच छापा. घटस्फोट का झाला, हे छापायचे काहीच कारण नाही.

केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये विवाह संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा भर नोंदणी करणाऱ्याची ओळख पटवण्यावर आणि त्याचा हेतू लग्नाचाच आहे हे त्याच्याकडून वदवून घेण्यावर आहे. ते गरजेचेच आहे. पण आधार कार्ड पाहिल्याने माणूस तोच आहे एवढे कळते. त्याने स्वतःबद्दल लिहिले आहे ते खरे की नाही, हे कळत नाही. त्यासाठी तुमचा छापील अर्जच उपयोगी पडू शकतो. मात्र हे करताना आधार कार्डाची किंवा पगारपत्रकाची प्रत स्थळांना वाटू नका. तुम्ही कागद पाहा, 'पाहिले' अशी खूण करा आणि प्रत परत द्या. मुलीकडच्यांनाही हेच नियम लावा. आमच्या भाचीचा अर्ज मी याच पद्धतीने भरून पाठवला आहे. तिचा पाच वर्षांपूर्वीचा अपघात आणि पायात बसवलेला रॉड त्यात लिहिला आहे.

तुळशीचे लग्न झाले की मेळाव्यांचे अर्ज छापायला जातील. त्याआधी तुमच्या बैठकीत हे रकाने ठरवा. नमुना अर्ज मी तयार करून देईन आणि बोलावलेत तर समजावून सांगायलाही येईन.

आपली,
एका उपवर मुलीची मावशी