मी मीच आहे, हे सिद्ध कसं करायचं?

'अगं, तू नवीन अकाउंट काढलंस का? मला रिक्वेस्ट आलीये.' असा मेसेज सकाळी सकाळी आला की समजायचं, कुणीतरी आपल्या नावाचं दुकान थाटलंय. फोटो आपला, बायो आपला, युजरनेममध्ये फक्त शेवटी एक जास्तीचं अंडरस्कोर. असं अकाउंट उघडायला दोन मिनिटं लागतात आणि ओळखपत्र कुणी मागत नाही. ते बंद करायला गेलं की मात्र ओळखपत्र मागितलं जातं, आणि तेही खऱ्या माणसाकडून. हा उलटा न्याय कुठून आला आणि त्यातून वाट कशी काढायची, हे एका उदाहरणातून पाहू.

समजा, कोल्हापुरात हॉस्टेलवर राहणारी, एस. वाय. बी. कॉम.ची एक मुलगी आहे. तिचं इन्स्टाग्राम अकाउंट पब्लिक आहे. गुरुवारी रात्री कुणीतरी तिचे नऊ फोटो उचलून तिच्या नावाचं अकाउंट काढतं, तिच्या फॉलोअर्सच्या यादीतल्या चाळीसएक जणांना रिक्वेस्ट पाठवतं आणि मग मेसेज सुरू होतात. 'फी भरायची आज शेवटची तारीख आहे, माझं यूपीआय चालत नाहीये. या नंबरवर दीड हजार टाक ना, संध्याकाळी देते.' मैत्रिणीला शंका येते, ती फोन करते. मुलगी ते अकाउंट शोधते, तर सर्चमध्ये काहीच दिसत नाही. तिला वाटतं, उडालं वाटतं आपोआप.

ते उडालेलं नसतं. तोतयाने पहिलं काम काय केलेलं असतं, तर तिला ब्लॉक करणं. ज्या एका व्यक्तीने तक्रार केली तर सर्वांत जास्त वजन पडेल, तिच्यापासूनच अकाउंट लपवायचं. म्हणून आपल्याला दिसत नाही याचा अर्थ नाही असा कधीच धरू नका. ज्या मैत्रिणीला रिक्वेस्ट आली, तिच्या फोनवरून बघा.

आधी पुरावा, मग रिपोर्ट

इथे बहुतेकांची घाई नडते. ग्रुपवर मेसेज पडतो, 'सगळ्यांनी रिपोर्ट मारा रे', आणि पन्नास जण 'स्पॅम' निवडून मोकळे होतात. किती जणांनी रिपोर्ट केलं यावर अकाउंट काढायचं की नाही ते ठरत नाही, असं इन्स्टाग्राम स्वतःच सांगतं. शिवाय 'स्पॅम' म्हटलं की तपासणारा शोधतो स्पॅम. तुमचं म्हणणं वेगळंच असतं, की ही व्यक्ती मी असल्याचं भासवतेय. चुकीच्या खिडकीवर दिलेला अर्ज परत येतो, तसंच हे.

त्याआधी मैत्रिणीच्या फोनवर चार गोष्टी जमवा. पहिली, प्रोफाइलची पूर्ण लिंक. नुसतं नाव पुरत नाही, कारण एकाच नावाची शंभर अकाउंट्स असतात. दुसरी, प्रोफाइलचा स्क्रीनशॉट, ज्यात युजरनेम आणि फोटो दोन्ही दिसतील. तिसरी, पैसे मागणारे मेसेज, तारीख-वेळेसकट आणि ज्या नंबरवर किंवा यूपीआय आयडीवर पैसे मागितले त्याच्यासकट. चौथी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. इन्स्टाग्रामवर बऱ्याच प्रोफाइल्सच्या मेनूत `About this account` असा पर्याय असतो. अकाउंट कोणत्या महिन्यात सुरू झालं हे तिथे कळतं. तुमचं अकाउंट २०२१ पासूनचं आणि ते या महिन्यातलं, हे दाखवणारा एक स्क्रीनशॉट बरंच काही बोलतो. तोतया युजरनेम कधीही बदलू शकतो, म्हणून हे सगळं रिपोर्ट करण्याआधीच करून ठेवायचं. पैसे मागणारी चॅट डिलीट करू नका, मूळ फोनमध्ये राहू द्या. प्रकरण कोर्टात गेलं तर नुसत्या प्रिंटआउटवर भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यासाठी मूळ फोन हाताशी असलेला बरा.

मग रिपोर्ट. कारण निवडताना 'दुसरंच कुणीतरी असल्याचं भासवतंय' या अर्थाचा पर्याय घ्या आणि कोण, असं विचारल्यावर 'मी'. मैत्रिणीने केला तर ती तुमचं अकाउंट दाखवू शकते, पण ज्याची नक्कल झाली त्याच्या स्वतःच्या किंवा त्याच्या वतीने अधिकृतपणे बोलणाऱ्याच्या तक्रारीला महत्त्व असतं. तुम्ही ब्लॉक असाल किंवा तुमचं अकाउंटच नसेल, तर हेल्प सेंटरमधला फॉर्म आहे. तिथे लिंक द्यायची आणि ओळखपत्र जोडायचं.

नाव जुळेना

खरी गाडी अडते ती इथे. आपल्या ओळखपत्रावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा तीन डब्यांचा ऐवज असतो. प्रोफाइलवर मात्र घरातलं लाडाचं नाव आणि पुढे दोन इमोजी. तपासणारा माणूस दुसऱ्या देशात बसलेला असू शकतो, किंवा सुरुवातीला माणूस नसतोच, यंत्रणाच चेहरा आणि नाव ताडून बघते. 'पिहू' म्हणजेच आधारवरची अमुक तमुक, हे त्याला कुठून कळणार? नक्कल तुमच्या टोपणनावाची झालेली असते आणि कागद अधिकृत नावाचा असतो.

म्हणून फॉर्म भरण्याआधी खऱ्या अकाउंटच्या नावाच्या रकान्यात ओळखपत्रावरचं नाव टाका. युजरनेम तेच राहू द्या. चेहरा स्पष्ट दिसणारे जुने फोटो प्रोफाइलवर असू द्या. तक्रारीत एक वाक्य साधं लिहा: माझं खरं अकाउंट हे, ते अमुक सालापासूनचं, त्यातले हे फोटो तिथे उचलले आहेत. ओळखपत्र कोणतं द्यायचं? आधारच द्यायचं असेल तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार घ्या. त्यात नाव, फोटो, जन्मतारीख दिसते, पण क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसतात. फोटो काढताना कार्डाचे चारही कोपरे दिसू द्या आणि चमक पडू देऊ नका. धूसर फोटो हे तक्रार परत येण्याचं अगदी साधं कारण असतं.

आणि एक सावधगिरी. रिपोर्ट केल्यावर दुसऱ्या दिवशी 'आम्ही सपोर्ट टीम, ओळख पडताळणीसाठी इथे क्लिक करा' असा डीएम आला, तर तो त्याच तोतयाच्या भाऊबंदांचा असण्याची शक्यता मोठी. इन्स्टाग्राम तुमच्या अकाउंटबद्दल डीएम करत नाही. खरोखर मेल आलं असेल तर ते अॅपच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये अलीकडच्या मेल्सच्या यादीत दिसतं. तिथे नसेल, तर ओळखपत्र द्यायचं नाही.

कायद्याचं घड्याळ

दोन दिवसांनी उत्तर येतं, 'आमच्या नियमांचं उल्लंघन झालेलं दिसत नाही.' इथे बहुतेक जण हात टेकतात. पण अॅपमधलं बटण ही एक वाट झाली. दुसरी वाट कायद्याने दिलेली आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांना भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचा पत्ता आणि फॉर्म कंपनीच्या साइटवर असतो. त्याच नियमांत नियम ३(२)(ख) आहे. कुणी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दुसऱ्याचं सोंग घेतलंय अशी तक्रार त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी केली आणि ते सकृद्दर्शनी तसं दिसत असेल, तर कंपनीने ठरावीक तासांत ते हटवण्यासाठी पावलं उचलायची आहेत. नियम आले तेव्हा ही मुदत २४ तासांची होती, नंतरच्या दुरुस्तीत ती आणखी आवळली गेली. म्हणून तक्रारीत या नियमाचा क्रमांक लिहा आणि पोच क्रमांक जपून ठेवा.

यातली पळवाट 'सकृद्दर्शनी' या शब्दात आहे. ते तसं दिसतंय की नाही, हे आधी कंपनीच ठरवते. तिचा निर्णय पटला नाही तर २०२३ पासून तक्रार अपील समित्या आहेत. कंपनीचं उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत gac.gov.in वर अपील करता येतं. सगळं ऑनलाइन चालतं, वकील लागत नाही. समितीनेही ३० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करायचा असतो. पैसे मागणाऱ्या अकाउंटसाठी हा वेळ फार झाला, हे खरंच. पण फोटो वापरून बदनामी करणाऱ्या, महिनोन्महिने चालू राहणाऱ्या अकाउंटसाठी ही वाट उपयोगाची आहे.

कुणी पैसे पाठवलेच असतील, तर पैसे गेलेल्या माणसाने लगेच १९३० वर फोन करायचा. रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. तुम्ही स्वतः cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. संगणक साधनाने तोतयेगिरी करून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. अकाउंट उडालं म्हणजे माग संपला असंही नाही. हटवलेली माहिती कंपनीला तपासासाठी १८० दिवस जपावी लागते. पोलिसांनी मागणी करायची तर ती या मुदतीत व्हायला हवी, म्हणून 'बघू सेमिस्टर संपल्यावर' म्हणून चालत नाही.

टिकलीचा इतिहास

खऱ्यानेच सिद्ध करायचं, हा प्रश्न जुना आहे. २००९ मध्ये अमेरिकेतले बेसबॉल प्रशिक्षक टोनी ला रुसा यांनी आपल्या नावाच्या बनावट अकाउंटवरून ट्विटरवर खटला भरला आणि त्याच सुमारास ट्विटरने 'व्हेरिफाइड' अकाउंट्सची घोषणा केली. टिकलीचा अर्थ तेव्हा एकच होता, ही व्यक्ती खरी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये टिकली पैसे भरून मिळू लागली आणि काही दिवसांतच एली लिली या औषध कंपनीच्या नावाच्या टिकलीवाल्या बनावट अकाउंटने इन्सुलिन फुकट झाल्याचं जाहीर केलं. पुढे मेटानेही ओळखपत्र तपासून महिन्याच्या भाड्याने टिकली द्यायला सुरुवात केली आणि तोतयांपासूनचं जादा संरक्षण त्याच पॅकेजमध्ये टाकलं. म्हणजे जे संरक्षण प्रत्येकाला मिळायला हवं, त्याची जलद आवृत्ती विकत मिळते.

सक्तीने सगळ्यांचं ओळखपत्र घ्या, हा उपाय सोपा वाटतो. पण मग टोपणनावाने छळाबद्दल लिहिणारी मुलगी, घरी न सांगता आधार शोधणारा मुलगा, यांचं काय? शिवाय कोट्यवधी ओळखपत्रं एका कंपनीकडे साठली की नवी जोखीम उभी राहते. मागणी करायची तर ती तक्रारीनंतरच्या वागण्याबद्दल करायला हवी. नकार देताना कंपनीने कारण द्यावं आणि वादात असलेल्या नव्या अकाउंटने आधी ओळख दाखवावी, तोवर त्याचे मेसेज थांबावेत.

तोवर कोल्हापूरच्या त्या मुलीने करायची एक गोष्ट फॉर्मच्याही आधीची आहे. खऱ्या अकाउंटवर स्टोरी टाकायची, त्यात बनावट अकाउंटचा स्क्रीनशॉट आणि एकच ओळ: 'माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर आधी मला फोन करा.' तीच ओळ व्हॉट्सअॅप स्टेटसवर आणि घरच्या ग्रुपवर. फॉर्मचं उत्तर यायला दिवस लागतील, मामाचे दीड हजार मात्र दहा मिनिटांत जातात.