लेकीचे पत्र : फडताळातले दोन डबे

ती. बाबांस,


तुमच्या बायपासला आता 17 दिवस उरले. म्हणून फडताळातल्या दोन डब्यांविषयी लिहिते, रागावू नका.

लसणीच्या अर्काच्या गोळ्या आजपासूनच बंद करा. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे तरी कोरे जायला हवेत. त्या अर्काने रक्त गोठायला वेळ लागतो. परवा दात घासताना हिरड्यांतून रक्त आले, तेही डॉक्टरांना सांगा. फोडणीतल्या चार पाकळ्यांना मात्र हरकत नाही.

घशासाठी रोज चघळता तो ज्येष्ठमधही सोडा. त्याने रक्तदाब चढतो आणि शरीरातले पोटॅशियम घटते. ते घटले की हृदयाचे ठोके बिघडतात. तुम्ही तो महिनाभर घेत आहात, तेव्हा रक्तातले पोटॅशियम तपासायला सांगा.

अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनाने थांबवू नका. तिच्यानेही रक्त पातळ राहते खरे, पण हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ नये म्हणून ती दिलेली आहे. तिचे काय करायचे ते सर्जनच ठरवतील.

डबे फेकू नका. इस्पितळात येताना पिशवीत घालून आणा; वैद्यांचे औषध सांगण्यात कसला आला संकोच?

तुमची,
बेबी