पांढऱ्याला पांढरे म्हणा!

गेल्या वर्षी आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले मामा निवृत्त झाले. सभागृहात निरोपसमारंभ झाला, भाषणे झाली, शाल-श्रीफळ झाले आणि छायाचित्रे काढण्याचे काम माझ्याकडे आले. त्यातले एक या नियतकालिकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांत छापायचे होते आणि त्याचीच मोठी प्रत मामांच्या घरी भिंतीवर लागायची होती. चित्र पाहून कन्नड विभागाचा माझा मित्र म्हणाला, ''फार निळे आले आहे.'' मी म्हटले, ''छे, नारिंगी आले आहे.'' मामांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, ''काय की रे पोरा, निम्मं तोंड भाजलंय आणि निम्मं गारठलंय बघ.''

तिघेही बरोबर होतो. दोष मामांच्या तोंडाचा नव्हता, आणि कॅमेऱ्याचाही नव्हता. तो माझा होता, आणि तोच दोष मी आजकाल जवळजवळ प्रत्येक समारंभाच्या चित्रांत पाहतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या व्यासपीठावर डाव्या अंगाला दोन हॅलोजन दिवे आहेत आणि डोक्यावर, थोड्या उजवीकडे, पांढऱ्या ट्यूबलाइटची रांग. हॅलोजनचा उजेड तांबूस-पिवळा. त्याचे रंगमान सुमारे ३२०० केल्विन. आपल्याकडे 'कूल डेलाइट' म्हणून मिळणाऱ्या ट्यूबचा उजेड निळसर. तो सुमारे ६५०० केल्विनचा. आपल्या डोळ्यांना हा फरक सहसा जाणवत नाही, कारण मेंदू आपसूक जुळवून घेतो. मामांचा सदरा आम्हांला दोन्ही बाजूंनी पांढराच दिसत होता. कॅमेऱ्याला मात्र पांढरे म्हणजे काय हे कुणीतरी सांगावे लागते. या सांगण्यालाच 'व्हाइट बॅलन्स' म्हणतात.

मी ते सांगितलेच नाही. पडद्यावर AWB ही अक्षरे होती, म्हणजे कॅमेरा स्वतःच अंदाज बांधत होता. हा अंदाज चौकटीत काय काय दिसते त्यावर ठरतो. मागचा केशरी पडदा चौकटीत जास्त आला, की कॅमेऱ्याला वाटते उजेडच केशरी आहे आणि तो सगळ्या चित्रात निळा मिसळतो. दोन पावले पुढे सरकून पडदा कमी झाला, की हिशेब बदलतो. म्हणून एकाच समारंभाच्या लागोपाठच्या दोन चित्रांत शालीचा रंग वेगळा येतो.

''मग त्यात काय, संगणकावर सुधारता येते,'' असे म्हणणारे मित्र मला रोज भेटतात. सगळीकडे एकच उजेड असेल आणि चित्र 'रॉ' स्वरूपात घेतलेले असेल, तर त्यांचे म्हणणे खरे आहे. पण मामांच्या चित्रावर मी एक संध्याकाळ घालवली. आकडा ३२०० ठेवला, तर डावा गाल माणसाचा झाला आणि उजवा निळा पडला. ६५०० ठेवला, तर उजवा सुधारला आणि डाव्याला आग लागली. मधला ४३०० घेतला, तर दोन्ही गाल थोडे थोडे बिघडले. कारण उघड आहे. हा आकडा साऱ्या चौकटीला मिळून एकच असतो, आणि चेहऱ्यावर तर दोन उजेड पडलेले. एका आकड्याने दोन उजेडांचा न्याय कसा होणार? चेहऱ्याचा एकेक भाग रंगवून दुरुस्त करता येतो, पण नाकाच्या शेंड्यावर जिथे दोन्ही उजेड मिसळतात तिथे ठिगळ उघडे पडतेच.

म्हणून माझे मत असे, की मिश्र उजेडात पहिला हात कॅमेऱ्याच्या बटणाला नव्हे, भिंतीवरच्या बटणाला लावावा. पंधरा दिवसांनी मामांना आणि मामींना आम्ही पुन्हा त्याच सभागृहात बोलावले. वेळ संध्याकाळचीच, म्हणजे खिडकीतून येणारा तिसरा उजेड नाही. दोन्ही हॅलोजन बंद केले. उरल्या फक्त ट्यूब, त्याही एकाच जातीच्या. वरच्या उजेडाने डोळ्यांखाली सावल्या पडतात, म्हणून दोघांना रांगेच्या थोडे मागे बसवले आणि पुढच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली.

मग मामांच्या हाती एक करडे पुठ्ठ्याचे कार्ड दिले आणि ते हनुवटीजवळ, तोंड कॅमेऱ्याकडे करून धरायला सांगितले. कार्ड चेहऱ्यापाशीच हवे. आपल्यापाशी धरून उपयोग नाही, कारण उजेड मोजायचा तो चेहऱ्यावरचा. माझी सावली त्यावर पडू दिली नाही. चौकटीचा मधला भाग कार्डाने भरला आणि एक चित्र घेतले. ते फार उजळ होऊन चालत नाही. एखादा रंग भरून वाहिला, की तिन्ही रंगांचे प्रमाणच खोटे ठरते. शटर १/५० सेकंदावर ठेवले होते. आपली वीज ५० आवर्तनांची असल्याने पुष्कळ ट्यूब सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतात आणि काहींचा रंगही त्याबरोबर हलतो. शटर फार जलद ठेवले तर त्या हलण्यातला एखादाच क्षण हाती लागतो आणि मोजणी चुकते. शेवटी कॅमेऱ्याच्या यादीतून 'कस्टम' व्हाइट बॅलन्स निवडून तेच चित्र नमुना म्हणून दाखवले.

नुसता केल्विनचा आकडा हाताने भरला असता तर चालले नसते का? बरेचसे चालले असते. पण तो आकडा फक्त नारिंगी-निळ्याचा तराजू हलवतो. ट्यूबच्या उजेडात बरेचदा हिरवट झाकही असते आणि तिच्यासाठी हिरवा-जांभळा असा दुसरा तराजू लागतो. कार्डाच्या मोजणीत दोन्ही एकदम जुळतात. कार्ड नसेल तर साधा पांढरा कागद चालतो; मात्र फार झगझगीत पांढऱ्या कागदात उजळपणासाठी द्रव्य घातलेले असते. दिवसाच्या उजेडात त्यामुळे कागद किंचित निळा भासतो आणि भरपाई म्हणून चित्र पिवळट येते.

जमले की नाही ते ओळखायचे कसे? कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर विसंबू नये. त्या दिव्यांना सरावलेला डोळा तिथेही फसतो. मी संगणकावर मामांच्या सदऱ्याच्या दोन्ही खांद्यांवरचे लाल, हिरवा आणि निळा असे आकडे पाहिले. प्रत्येक खांद्यावर तिन्ही जवळजवळ सारखे होते. पहिल्या चित्रात एका खांद्यावर लाल पुढे पळत होता आणि दुसऱ्यावर निळा.

समारंभ चालू असताना दिवे बंद करता येत नाहीत, हे मला मान्य आहे. तेव्हा चेहऱ्यावर मुख्य उजेड कोणता आहे ते ठरवावे, आपण दोन पावले सरकून दुसरा उजेड चेहऱ्यामागे जाईल असे उभे राहावे आणि आकडा चेहऱ्यासाठी लावावा. मागचा पडदा तांबूस झाला तर होऊ द्या. त्याला आपण समारंभाची शोभा म्हणू. तांबड्या गालाला मात्र कुणी शोभा म्हणत नाही.

नवे चित्र दोन्ही विभागांत छापले आहे. मामांनी प्रत हातात घेतली, सदऱ्यावरून बोट फिरवले आणि मामींना म्हणाले, ''धुतलास तसाच आलाय बघ.''